कुकरच्या झाकणाची नोटीस: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सकाळी भोसरीच्या एका कारखान्यातून फोन आला. कुकर बनवतात. पाच लिटरच्या एका मॉडेलचे काही कुकर परत बोलवायचे आहेत, नोटीस तयार आहे, "मॅडम, फक्त मराठी जरा तपासून द्या." फक्त मराठी तपासायचं काम कधीच फक्त मराठीचं नसतं, पण हो म्हणाले.

नोटीस आली. पहिलं वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवते, शेवटी काय झालं ते ताडून बघायला:

"ग्राहकांच्या सुरक्षिततेस सदैव सर्वोच्च प्राधान्य देणाऱ्या आमच्या कंपनीने, केवळ खबरदारीचा उपाय म्हणून, एप्रिल ते जुलै २०२५ या कालावधीत उत्पादित मर्यादित संख्येतील कुकरच्या एका सुट्या भागाची तपासणी करण्याचा निर्णय स्वेच्छेने घेतला असून, क्वचित प्रसंगी सदर भाग अपेक्षित कार्य न करण्याची शक्यता नाकारता येत नाही."

यात कुकर वापरू नका असं कुठेच नाही. पुढची दहा वाक्यं वाचली, त्यांतही नाही. अकराव्या वाक्यात "नजीकच्या अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा" एवढं आहे. कंपनीच्या स्थापनेचं वर्ष मात्र दोनदा आलंय.

मालकांना फोन करून एकच विचारलं: आज संध्याकाळी एखाद्या घरात हा कुकर गॅसवर चढावा की चढू नये? थोडा वेळ थांबून म्हणाले, "चढू नये." मग म्हटलं, मोठी नोटीस होईल तेव्हा होईल, आजच्या आज दुकानदारांना दोन ओळी पाठवा: हे कोड असलेले कुकर विकू नका, आणि कुणी विचारलं तर वापरू नका म्हणून सांगा. दुपारी तीनला त्या गेल्या. तुळशीची लग्नं सुरू झालीत, म्हणजे आता आहेराच्या कुकरांचा हंगाम. दुकानातला साठा थांबवणं सगळ्यात निकडीचं होतं.

४ नोव्हेंबर

भोसरीला जाऊन आले. दोष काय आहे हे मला कळल्याशिवाय मी लिहीत नाही, असं सांगितल्यावर क्वालिटीच्या इंजिनियरांनी चहा मागवला आणि टेबलावर दोन पितळी नट ठेवले. सेफ्टी व्हॉल्व्ह. झाकणावर शिट्टीच्या बाजूला असतो तो. रोज समोर असूनही आपण त्याच्याकडे कधी बघत नाही.

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत. कुकरात दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपर्यंत चढतो. त्या दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. दाब त्याच्यावर गेला की शिट्टी उचलली जाते आणि वाफ बाहेर पडते. पण डाळीचा फेस किंवा हरभऱ्याचं साल शिट्टीच्या नळीत अडकलं, तर वाफेला वाट राहत नाही. तेव्हा दाबाबरोबर तापही वाढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या मधोमध भरलेला मऊ धातू वितळून उडून जातो. वाफ तिथून निघते, डाळ छतावर जाते, माणसं वाचतात.

हा मऊ धातू म्हणजे बिस्मथ आणि कथलाचं मिश्रण. साधारण ५८ टक्के बिस्मथ आणि ४२ टक्के कथील असलं की ते १३८ अंशांना एकदम पातळ होतं, मधली अवस्था नाही. त्या वेळी आतला दाब नेहमीच्या अडीच पट झालेला असतो, आणि तेवढा सोसेल असा कुकर बनवलेलाच असतो. मार्चमध्ये व्हॉल्व्हचा पुरवठादार बदलला. नव्याच्या मालात कथलाचं प्रमाण वाढलेलं निघालं. अशा मिश्रणाचा घोटाळा असा की ते १३८ला वितळायला लागतं, पण पूर्ण पातळ व्हायला १७०पर्यंत जावं लागतं. मधल्या टप्प्यात ते शिऱ्यासारखं असतं.

मला दाखवलंसुद्धा. तेल तापवलेल्या भांड्यात दोन्ही व्हॉल्व्ह सोडले आणि थर्मामीटर लावला. जुन्या व्हॉल्व्हमधला धातू १४० व्हायच्या आत टपकन तळाला पडला. नव्यातला मऊ झाला, थोडा फुगला आणि तिथेच चिकटून बसला. १५० झाले, १६० झाले, तरी जागेवरच. इंजिनियर म्हणाले, "प्रत्यक्ष कुकरात वाफेचा रेटा असतो, त्यामुळे मधेच कधीतरी निघेल. पण कधी, ते मी सांगू शकत नाही. १७० अंशांना आत सात किलोच्या आसपास दाब असतो. तिथवर जाण्याआधी रिंग बाहेर फेकली जाईल किंवा झाकण सुटेल."

"कधी ते मी सांगू शकत नाही" हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कालच्या नोटिशीतलं "शक्यता नाकारता येत नाही" म्हणजे खरं तर हेच होतं, फक्त ओळखू येणार नाही असे कपडे घालून आलेलं.

परतताना नाशिक फाट्याला अडकले होते तेव्हा लक्षात आलं की अवघड भाग वेगळाच आहे. शिट्टी रोज चालते, सेफ्टी व्हॉल्व्ह रोज चालत नाही. तो वर्षानुवर्षं नुसता बसून असतो. म्हणजे घरातली बाई सहा महिने रोज कुकर लावत असेल, सगळं छान चाललं असेल, तर त्यावरून व्हॉल्व्हबद्दल काहीच कळत नाही. आणि आपण सगळे नेमके याच अनुभवावर विसंबतो. नोटिशीला या विश्वासाशी भिडावं लागेल.

५ नोव्हेंबर

मालक, सर्व्हिसचे मॅनेजर आणि मी. दीड तास शब्दांवर गेला.

मालकांना "स्वेच्छेने" ठेवायचं होतं. त्यांचं म्हणणं, सरकारने भाग पाडलेलं नाही, आम्ही आपणहून करतोय, हे लोकांना कळू दे. भावना समजते. पण वाचणाऱ्याला त्यातून ऐकू येतं ते असं की प्रकरण काही एवढं गंभीर नसावं. युरोपीय संघाने हे सरळ नियमातच घातलंय. त्यांचा २०२३/९८८ क्रमांकाचा उत्पादन सुरक्षा नियम १३ डिसेंबर २०२४पासून लागू झाला. त्याच्या ३६व्या कलमात, परत बोलावण्याच्या नोटिशीत धोका कमी वाटेल असे शब्द वापरू नका, असं म्हटलंय आणि उदाहरणंही दिलीत: स्वेच्छेने, खबरदारी म्हणून, क्वचित प्रसंगी. अपघाताची नोंद नाही असं लिहायलाही तिथे मनाई आहे. तो नियम आपल्याला लागू नाही, पण आपल्या पहिल्या वाक्यात त्यातले तीनही शब्द आहेत, हे वाचून दाखवल्यावर मालक हसले. "म्हणजे आम्ही एकही सोडला नाही."

मग दुसरं. मसुद्याच्या शेवटी ओळ होती: "आजतागायत कोणताही अपघात झालेला नाही." मी सहज विचारलं, हे कुणी तपासलं? मॅनेजरांनी मालकांकडे बघितलं. सप्टेंबरात एक झाकण सर्व्हिसला आलं होतं. नळी तुंबली, व्हॉल्व्ह उडाला नाही, रिंग एका बाजूने बाहेर आली आणि वाफेने एका बाईंचा हात कोपरापर्यंत भाजला. रजिस्टरमध्ये नोंद "रिंग खराब" अशी. रिंग बदलून झाकण परत दिलं, त्याच व्हॉल्व्हसकट.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मालकांना हे माहीत नव्हतं असं मला वाटतं, चेहऱ्यावरून तरी. मॅनेजरांनी तिथूनच त्या बाईंच्या घरी फोन लावून कुकर बाजूला ठेवायला सांगितलं.

आता ही गोष्ट नोटिशीत यावी का? मालक म्हणाले, लोक घाबरतील. माझं मत असं की घाबरवतं ते मोघम बोलणं. "सुरक्षाविषयक जोखीम उद्भवू शकते" वाचून माणूस डोळ्यांपुढे काहीही आणू शकतो. "एका घरी वाफेने हात भाजला" यात काय झालं, किती झालं, सगळं आहे. "स्फोट" हा शब्द मात्र मीही नको म्हटलं. भीती वाटते म्हणून नाही. तो घडणाऱ्या गोष्टीचं नीट वर्णनच करत नाही. घडतं ते असं: रिंग किंवा झाकण सुटतं आणि उकळतं अन्न बाहेर येतं. तेवढंच लिहायचं.

६ नोव्हेंबर

वकीलबाईंशी फोन. त्यांना दोन वाक्यं खटकली, हात भाजल्याचं आणि "हा दोष कारखान्यातला आहे". दोन्हींत कबुली आहे, असं त्यांचं म्हणणं.

वाद घालण्याऐवजी मी त्यांनाच विचारलं की इशारा अपुरा दिला म्हणून कुणी उद्या कोर्टात गेलं तर? त्या म्हणाल्या, तेही आहेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या ८४व्या कलमात उत्पादकाच्या जबाबदारीची जी कारणं दिलीत, त्यांत वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणं हेही एक कारण आहे. शिवाय धोकादायक वस्तू परत घ्यायचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्वतः देऊ शकतं. २०२२मध्ये मानक चिन्ह नसलेले कुकर विकल्याबद्दल ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना तसे आदेश निघाले होते: ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या. त्यामुळे गुळगुळीत नोटीस काढून आपण फार सुरक्षित होतो असं नाही, हे त्यांनीच मान्य केलं.

भाजल्याचं वाक्य राहिलं, फक्त गाव आणि महिना काढला. त्या बाईंची ओळख पटू नये म्हणून मला तसंही ते नकोच होतं. दोषाचं वाक्य बदलून असं झालं: "हा दोष बनवतानाच राहिला आहे, तुमच्या वापरामुळे आलेला नाही." माझ्या मूळ वाक्यापेक्षा हे बरं झालंय. कुकरचं काही बिघडलं की घरात पहिला प्रश्न "तू काय केलंस?" असा येतो. या वाक्याने तो प्रश्न मिटतो आणि माणूस झाकण घेऊन यायला संकोचत नाही.

वकीलबाई पूर्वीच्या एका कंपनीच्या कामातही होत्या. जाता जाता म्हणाल्या, "दिलगिरी शेवटी ठेवा, वर नको. वर दिलगिरी दिसली की लोकांना वाटतं, काहीतरी औपचारिक आहे, आणि सोडून देतात." वहीत घेतलं.

७ नोव्हेंबर

पहिला खर्डा छापून तीन जणांना दिला. "समजलं का?" विचारायचं नाही हा माझा जुना नियम. त्यावर सगळे हो म्हणतात. कागद परत घ्यायचा आणि विचारायचं, "आता तुम्ही काय कराल?"

खालच्या मजल्यावरच्या काकू. शिक्षिका होत्या, मोठ्याने आणि सावकाश वाचलं. मग म्हणाल्या, "माझी रिंग दिवाळीतच बदललीय, त्यामुळे काळजी नाही." सेफ्टी व्हॉल्व्ह हा शब्द त्यांनी तीनदा वाचला होता, पण डोक्यात रिंगच होती. कारण कुकरचं जे बिघडतं आणि बदलतं ते म्हणजे रिंग, हे तीस वर्षांचं ज्ञान. म्हणजे नुसतं नाव पुरत नाही. चित्र हवं आणि बाण हवा, आणि "शिट्टी नव्हे, रिंग नव्हे" असं लिहायलाही हवं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. त्या सहा घरी कुकर लावतात. कोथरूड-कर्वेनगर भागात अशी किती घरं असतील, जिथे कुकर विकत घेणारा एक, मेसेज येणार दुसऱ्याला आणि गॅस पेटवणार तिसरीच. मावशींनी वाचलं, कागद घडी घालून ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "पण शिट्टी होते ना? मग?" नाशिक फाट्यावर सुचलेला मुद्दा मी खर्ड्यात "सेफ्टी व्हॉल्व्ह हा शिट्टीपेक्षा स्वतंत्रपणे कार्य करतो" असा घातला होता. चुकलंच ते. मावशींच्याच प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, त्यांच्याच शब्दांत. त्यांना तोंडी समजावलं तेव्हा आपसूक निघालं: शिट्टी नीट होते म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह नीट आहे, असं नाही. हेच लिहिलं. वर त्यांनी भर घातली, "हे फ्रिजवर लावायला सांगा, म्हणजे आम्हाला दिसेल. तुमच्या मोबाइलात असून काय उपयोग?" नोटिशीच्या खाली ती ओळ आली.

तिसरे, तुळशीबागेतले एक भांडीवाले. त्यांनी नोटीस पुरती वाचलीच नाही, दोनच प्रश्न विचारले. बिल लागेल का? आणि आहेरात आलेल्या कुकरचं काय? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच: बिल मागायचंच नाही. मॅनेजर फोनवर कुरकुरले की दुसऱ्याच कंपनीची झाकणं येतील. येऊ देत, ती बघून परत करता येतात.

७ नोव्हेंबर, रात्री

हे वेगळं लिहितेय, कारण झोप उडालीय.

महिना-वर्षाचा कोड कुकरच्या तळावर ठोकलेला असतो. दोष झाकणात आहे. आमच्याच घरी एकाच कंपनीचे दोन कुकर आहेत आणि कुठलं झाकण मूळ कुणाचं हे मला सांगता येणार नाही. तळ बघून "माझा नाही" म्हणणाऱ्या बाईंच्या झाकणावर तोच व्हॉल्व्ह असू शकतो.

साडेनऊला मॅनेजरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग स्वतःहूनच म्हणाले, "मॅडम, आणखी एक आहे. त्याच मालातले व्हॉल्व्ह स्पेअर म्हणून सुटेही गेलेत." तीनशे नग, दुरुस्तीवाल्यांकडे. म्हणजे २०१८चा कुकर असला तरी त्यावर २०२५चा सदोष व्हॉल्व्ह बसलेला असू शकतो. तळाचा कोड त्याला पकडणारच नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आठला इंजिनियरांकडे. प्रश्न एकच: व्हॉल्व्हकडे बघून तो ओळखता येतो का? भिंगातून बघायला लागले आणि मिळालं. नव्या पुरवठादाराच्या षटकोनी नटाच्या माथ्यावर एक बारीक ठिपका ठोकलेला आहे, बाजरीच्या दाण्याएवढा. जुन्यावर नाही. दोन खोक्यांतले सगळे तपासले, सगळ्यांवर आहे.

त्यामुळे ओळखण्याची खूण बदलली. आधी झाकण बघा, मग तळ. ठिपका असेल तर बस, तळ बघायचं कारण नाही. पण ठिपक्यावर मळ बसतो आणि सगळ्यांची नजर सारखी नसते, म्हणून तळाचा कोडही ठेवला. दोन्हींतलं एक जरी जुळलं तरी वापरायचा नाही.

आकड्यांचं एक बारीकसं. मी सवयीने खर्ड्यात ०४२५ लिहिलं होतं. पत्र्यावर ठोकलंय ते 0425. वय झालेली व्यक्ती कुकर उपडा करून, काळ्या पडलेल्या तळावर बोट फिरवत अक्षर जुळवणार, तेव्हा कागदावरचं आणि पत्र्यावरचं हुबेहूब एक असायला हवं. बाकी मराठी आकडे, कोड मात्र जसा ठोकलाय तसा.

मग सगळ्यात मोठी अडचण. या कोडचे ६,२०० कुकर विकले गेलेत आणि चांगले व्हॉल्व्ह तयार आहेत दोन हजार. बाकीचे पंधरा दिवसांनी येतील. मसुद्यात होतं "त्वरित मोफत बदलून मिळेल". लोक रिक्षा करून येणार, व्हॉल्व्ह नसणार, आणि परत जाऊन तोच कुकर लावणार. हे मला सगळ्यात घातक वाटलं. म्हणून दोन गोष्टी मागितल्या: आधी फोन करून वेळ घ्यायची सोय, आणि थांबायचं नसेल त्याला पूर्ण पैसे परत. पैशांच्या बाबतीत मालक अडले, अर्ध्या तासाने हो म्हणाले. घरात एकच कुकर असलेल्या माणसाला "पंधरा दिवस वापरू नका" सांगायचं, तर त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यायला लागतं.

मॅनेजरांनी एक मधला मार्ग सुचवला: "डबे लावून वरण-भात केला तर नळीत काही जात नाही. तेवढं चालेल असं लिहूया का?" मोहात पाडणारी सूचना. आपल्याकडे बहुतेक घरी डबेच लावतात आणि तसा धोका खरोखर कमी आहे. पण एकदा "डब्यात चालेल" म्हटलं की कुकर ओट्यावर राहिला, आणि ओट्यावर राहिलेल्या कुकरात रविवारी छोले चढतात. छोल्यांना डबा लागत नाही. अटीवर परवानगी दिली की अट विसरली जाते, परवानगी तेवढी लक्षात राहते. नको म्हटलं. व्हॉल्व्ह घरी पाठवून "तुम्हीच बसवा" हेही इंजिनियरांनी मोडीत काढलं. तो नीट आवळला न गेल्यास वाफ गळते, जास्त आवळला तर आटे जातात.

दुपारी चारला मजकूर ठरला:

> हा कुकर वापरू नका. झाकणाचा सेफ्टी व्हॉल्व्ह सदोष आहे.
>
> आत्ता गॅसवर असेल तर गॅस बंद करा. कुकर हलवू नका, आपोआप गार होऊ द्या.
>
> तुमचा कुकर यातला आहे का? आमचा पाच लिटरचा कुकर असेल तर झाकण बघा. शिट्टीजवळ पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो (चित्रातला बाण पाहा. शिट्टी नव्हे, रिंग नव्हे). त्याच्या माथ्यावर बारीक ठिपका असेल, किंवा कुकरच्या तळावर 0425, 0525, 0625 किंवा 0725 असेल, तर हा कुकर वापरू नका. गेल्या एप्रिलनंतर बाहेर कुठे व्हॉल्व्ह बदलून घेतला असेल, तर कुकर जुना असला तरी ठिपका बघा. दिसत नसेल किंवा खात्री नसेल तर वापरू नका, झाकण आम्हाला दाखवा.
>
> काय होऊ शकतं? शिट्टीची नळी तुंबली तर आतला दाब वाढतो. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्हने वाफ सोडायला हवी. हा व्हॉल्व्ह ती वेळेवर सोडेलच असं नाही. मग रिंग किंवा झाकण सुटून गरम वाफ आणि अन्न अंगावर येऊ शकतं. एका घरी असा हात भाजला आहे. शिट्टी नीट होते म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह नीट आहे, असं नाही. घरी तपासून बघू नका.
>
> तुम्ही काय करायचं? फोन करून वेळ घ्या आणि फक्त झाकण घेऊन या. व्हॉल्व्ह दहा मिनिटांत मोफत बदलून देऊ. बिल लागणार नाही, कुकर भेट मिळालेला असला तरी चालेल. सध्या सगळ्यांना पुरतील एवढे व्हॉल्व्ह तयार नाहीत, काहींना २५ नोव्हेंबरनंतरची वेळ मिळेल. थांबायचं नसेल तर कुकर परत द्या, पूर्ण पैसे देऊ. बाहेरून दुसरा व्हॉल्व्ह बसवून घेऊ नका.
>
> आम्ही ओटीपी, बँकेची माहिती किंवा पैसे फोनवर मागणार नाही. आमच्याकडून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते.
>
> हा दोष बनवतानाच राहिला आहे, तुमच्या वापरामुळे आलेला नाही. तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.
>
> तुमच्याकडे स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर हा कागद स्वयंपाकघरात लावा.

१९१५ बघून मालकांनी कपाळाला हात लावला. "आपणच तक्रारीचा नंबर द्यायचा?" पण काढला नाही.

१० नोव्हेंबर

काल रविवारच्या पेपरात आली. दुकानांत चिकटवायचे कागद आज गेले. एसएमएस मात्र अडलाय, त्याचा साचा दूरसंचार नियमांप्रमाणे आधी नोंदवून मंजूर व्हावा लागतो. शिवाय देवनागरी एसएमएसच्या एका तुकड्यात फार तर ७० अक्षरं बसतात, काना-मात्रा वेगळ्या मोजून. माझा मजकूर तीन तुकड्यांचा झाला. मालकांनी तीन तुकड्यांचे पैसे मान्य केले, एवढ्या अटीवर की कंपनीचं नाव शेवटी टाकायचं. मी तर तेच सांगणार होते. फोनच्या पडद्यावर मेसेज न उघडता जे चार शब्द दिसतात, ते "कुकर वापरू नका. तळावर" हेच हवेत.

लिंक ठेवली नाही. अनोळखी लिंक उघडू नका हे लोकांना आत्ता कुठे पटायला लागलंय.

१२ नोव्हेंबर

सर्व्हिस सेंटरला दोन तास बसून फोन ऐकले. निम्मे लोक विचारतात, "शिट्टीपण आणू का?" बरोबर आहे. "फक्त झाकण" म्हटलं, पण शिट्टी झाकणाचा भाग की वेगळी वस्तू, हे मी कुठे सांगितलं? पुढच्या छपाईत: "शिट्टी आणि रिंग घरीच ठेवा." दोघांनी व्हॉल्व्ह कॉलनीतल्या दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतला होता. एकाच्या नव्या व्हॉल्व्हवरही ठिपका निघाला. ती तीनशेंची यादी घेऊन मॅनेजर स्वतः दुकानोदुकानी फिरतायत, आजपर्यंत एकशे बारा परत आले.

काढलेले व्हॉल्व्ह एका डब्यात नुसतेच टाकत होते. इंजिनियरांना सांगितलं, त्यांनी तिथल्या मुलाला हातोडी दिली. आता प्रत्येक व्हॉल्व्ह ठेचून मगच डब्यात.

निघताना काउंटरवर एक आजोबा उभे होते, पिशवीत झाकण. काउंटरवरचा मुलगा त्यांना म्हणत होता, "बिल आहे का काका?" त्याच्या मागच्या भिंतीवर नोटीस लावलेली. मी तिच्यातल्या "बिल लागणार नाही" या ओळीवर बोट ठेवलं. तो ओशाळला. त्याला ती नोटीस कुणी वाचायलाच दिली नव्हती. उद्या काउंटरवरच्या मुलांसाठी वेगळा अर्धा पानी कागद लिहायचाय.